बैरी, काका आणि आहो

सासूबाईंना पहिल्यांदा गुजराती नाटकाला नेलं तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी माझा हात घट्ट धरला. स्टेजवर बाप मुलावर ओरडत होता, "गांडो थई गयो छे के शुं?" आणि अख्खं कालिदास नाट्यमंदिर हसत होतं. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "अगं, सगळ्यांसमोर काय बोलतोय हा!" मी म्हटलं, आई, गांडो म्हणजे वेडा, गुजरातीत अगदी घरगुती शब्द आहे, आजीसुद्धा नातवाला लाडाने म्हणते. त्यांनी मान डोलावली पण पुढचे दोन तास तो शब्द आला की त्या पदराआड खुदकन हसायच्या, आणि गंमत म्हणजे बरेचदा मूळ जोकवर नाहीच, त्या शब्दावरच. शेवटी इंटरव्हलला वडा खाताना म्हणतात, "नाटक चांगलंय हो, पण तो गांडा फार येतो."

आम्ही मुलुंडला राहतो. समोरच्या फ्लॅटमधल्या बा आणि त्यांचं मंडळ यांच्यामुळे ही नाटकं आयुष्यात आली. मुंबईत गुजराती नाटकांचे बरेच शो आख्खेच्या आख्खे मंडळांना, सोशल ग्रुपना विकले जातात, मग मेंबरांमध्ये एखादी सीट रिकामी राहिली की बा दार वाजवतात. फुकट तिकीट कोण सोडतं. त्यात नाटक विकायचंय ते एका अख्ख्या ग्रुपला, म्हणजे आजोबांपासून पाचवीतल्या मुलापर्यंत सगळे एका रांगेत बसून बघणार, त्यामुळे ही नाटकं बहुतेक वेळा घरातल्याच लफड्यांवर असतात, बाप-मुलगा, सासरा-जावई, लपवलेलं कर्ज, लपवलेलं लग्न. नव्या भाषेत विनोद बघायला सुरुवात करणाऱ्या माणसाला याहून सोपं दार नाही, कारण कोण कोणापासून काय लपवतंय एवढं कळलं की अर्धं नाटक आपलं.

पंजाबी मात्र ऑफिसमधून आली. शेजारच्या डेस्कवर लुधियान्याचा एक मुलगा बसतो, त्याने लॉकडाऊनच्या आसपास मला सिनेमांची नावं पाठवायला सुरुवात केली आणि मी आधी हो हो म्हणून टाळलं कारण मला वाटायचं की पंजाबी काय, हिंदी सिनेमामुळे येतेच आपल्याला. ते "येतेच आपल्याला" किती खोटं होतं ते पुढे सांगते.

तर आता काही वर्षं हे दोन्ही बघून माझं एक मत झालंय. नव्या भाषेतली कॉमेडी आपल्याला टप्प्याटप्प्याने कळते आणि प्रत्येक टप्प्यावर आपण वेगळ्याच गोष्टीला हसत असतो. सगळ्यात आधी कळतो तो घोळ. दाराआडून ऐकणं, चुकीच्या माणसाला चुकीचं पाकीट, एका खोट्यावर दुसरं खोटं. 'कॅरी ऑन जट्टा' (2012) मध्ये हिरो मुलीला पटवण्यासाठी आपण अनाथ असल्याचं सांगतो आणि घरी त्याचा चांगला धडधाकट वकील बाप बसलेला असतो, पुढचा सगळा सिनेमा ते एक खोटं सांभाळण्यात जातो. हे कळायला पंजाबी लागत नाही. 'गुज्जुभाई द ग्रेट' (2015) मध्येही तसंच, मुलीने नको त्याच्याशी लग्न करू नये म्हणून बाप आपल्याच हाताखालच्या एका भोळसट माणसाला पुढे करतो, आणि बाप झालेल्या सिद्धार्थ रांदेरियांच्या चेहऱ्यावर जे काय चाललेलं असतं ते आवाज बंद करून बघितलं तरी कळेल. पण इथेच थांबलं तर मग त्या भाषेत बघण्यात काय मजा, असा घोळ तर मराठीतही आहे, चांगला भरपूर आहे.

खरी गंमत दुसऱ्या टप्प्यात. तोंडात.

गुजराती मराठीला इतकी जवळ आहे की ती जवळीकच फसवते. वांधो नहीं, उतावळ, लोचो, राजीनामुं, हे शब्द कानावर पडले की आपण निवांत होतो, वाटतं आपलीच भाषा आहे थोडी गोड करून. काही शब्द तर अगदी हुबेहूब जुळतात. आपला दीडशहाणा तिकडे दोढडाह्यो. डाह्यो म्हणजे शहाणा आणि दोढ म्हणजे दीड, हिशोबसुद्धा तोच. पहिल्यांदा एका नाटकात हा शब्द ऐकला तेव्हा बाजूला कोणाला सांगायच्या आतच मी मोठ्याने हसले, आणि सबटायटल असतं तर तिथे बहुतेक ओव्हरस्मार्ट असं काहीतरी आलं असतं, ज्यात तो वरचा अर्धा शहाणपणा गायब. असे शब्द सापडले की मराठी माणूस गुजराती प्रेक्षकाच्या बरोबरीने हसतो, थोडा जास्तच, कारण त्याला शोध लागल्याचा आनंद पण असतो.

आणि मग दगा. बैरी म्हणजे बोली गुजरातीत बायको. आता हिंदीत बैरी म्हणजे शत्रू आणि पंजाबीत वैरी पण तेच. नवरा बैरीला घाबरतो हे वाक्य तीन भाषांत ऐकून बघा. मोटा म्हणजे मोठा, जाडा नव्हे, त्यामुळे मोटाभाई हडकुळे असू शकतात. आणि गांडोचं तर सांगितलंच.

यापुढची पायरी म्हणजे गावागावाची गुजराती, जिथे मी अजून धडपडतेच. मुंबईच्या नाटकातली गुजराती बऱ्यापैकी सरळ असते पण एखादं पात्र काठियावाडचं किंवा सुरतचं आलं की स चा ह होतो. साचुं चं हाचुं, सुरतचं हुरत. शुं म्हणजे काय, ते होतं हुं. आता हुं म्हणजे मी पण. म्हणजे मी काय करू हे झालं "हुं हुं करुं?" माणूस कण्हतोय का बोलतोय कळत नाही! मेहसाणाकडचा आला तर केम चं चम आणि पाणीचं पोणी. पडद्यावर तो माणूस नुसतं पाणी मागतो आणि लोक हसतात, आणि मी आपलं बाक विसरलेल्या मुलासारखी इकडेतिकडे बघत बसायचे की आता काय झालं. जोक पाण्यात नव्हता, तो माणूस कुठून आलाय यात होता. आपल्याकडे स्टेजवर कोणी मालवणीत हेल काढला की पहिल्या वाक्याला हशा येतो ना, तसंच, पण तो हशा कमवायला आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथे ते नाहीये. बांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ए तो एवुं ज बोले," म्हणजे ते लोक तसंच बोलतात, संपलं. ज्याची भाषा असते त्यालाच तिच्यातला जोक समजावता येत नाही हे त्या दिवशी कळलं.

शिकायला सगळ्यात बरं वाटलं ते सिनेमा-नाटक सोडून, शाहबुद्दीन राठोड. सौराष्ट्रातल्या थानगढचे, शाळेत शिक्षक आणि मग प्रिन्सिपल, 2020 साली पद्मश्री मिळाली. माईकसमोर एकटा माणूस, गावातल्या माणसांच्या गोष्टी सांगतो, त्यात वनेचंद नावाचं एक पात्र आहे आणि वनेचंदचा वरघोडो म्हणजे लग्नाची वरात हा त्यांचा गाजलेला किस्सा. आपल्याकडे मिरासदार, शंकर पाटील कथाकथन करायचे त्या जातीचं. ते घाई करत नाहीत, लोक हसून संपेपर्यंत थांबतात, आणि त्या थांबण्यात माझ्यासारखीला मागचं वाक्य जुळवायला वेळ मिळतो. कोणी मला विचारलं की गुजराती कॉमेडी कुठून सुरू करू तर मी 'छेल्लो दिवस' हा सिनेमा नाही सांगणार, मलाही तो आवडला पण त्यातली कॉलेजची पोरं इतकी फास्ट बोलतात आणि सगळी एकदम बोलतात की पहिल्यांदा बघणारा नुसता दमतो. आधी राठोडसाहेब, मग घरगुती नाटक, मग ती पोरं.

आता पंजाबी. इथे उलटं आहे, म्हणजे गुजराती जवळची वाटते आणि फसवते, पंजाबी ओळखीची वाटते आणि ती ओळखच खोटी निघते. कारण हिंदी सिनेमातली पंजाबी म्हणजे ओये, बल्ले बल्ले आणि पाजी. त्या पाजीचंच घ्या. आपल्याकडे पाजी म्हणजे बदमाश कार्टं. मी त्या लुधियान्याच्या मुलाला विचारलं की भावाला पाजी का म्हणता रे, तर म्हणाला लिहितो आम्ही भाजी. झालं, एका मराठी बाईला सांगतोय की भाजी लिहायचं आणि पाजी वाचायचं! पण त्यात फार महत्त्वाची गोष्ट होती. पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ ही अक्षरं लिहिली जातात पण शब्दाच्या सुरुवातीला आली की त्यांचा तो हकार जातो, उरतो क, च, ट, त, प, आणि हकाराच्या बदल्यात आवाज खाली उतरून मग वर येतो. घर म्हणताना आपल्याला कर ऐकू येतं, ढाबा टाबा होतो. त्याने मला तीन शब्द म्हणून दाखवले, घोडा, चाबूक आणि कुष्ठरोग झालेला माणूस, आणि मला तिन्ही वेळा कोडा कोडा कोडा ऐकू आलं. त्याला ते घोडा आणि चाबूक इतके वेगळे वाटतात जितके आपल्याला पाणी आणि पानी. फरक फक्त सुराचा. पहिला खालून, दुसरा सपाट, तिसरा वरून. मी तीन दिवस चहाच्या वेळी त्याच्याकडून म्हणवून घेतलं तेव्हा कुठे पहिला ओळखता यायला लागला.

याचा कॉमेडीशी काय संबंध? खूप. पंजाबी कॉमेडियन सुरावर खेळतात, शब्द सरळ असतो आणि सूर वाकडा, आणि आपण मराठी लोक सूर ऐकतो तो भावनेसाठी, हा रागावलाय का, टोमणा मारतोय का. त्यामुळे सुरुवातीला मला सगळे पंजाबी सिनेमे भांडणाचे वाटायचे. नवरा बाजूच्या खोलीतून विचारायचा, कोण मेलं? कोणी नाही, लग्न ठरतंय.

बरं, नात्यांचे शब्द तर अजून गमतीचे. काका म्हणजे पंजाबीत लहान मुलगा. सत्तर वर्षांचे आजोबा दहा वर्षांच्या पोराला "ओ काका" म्हणून हाक मारतात, मी तो सीन मागे घेऊन दोनदा बघितला, वाटलं आजोबांना भ्रम झालाय आणि हाच जोक असेल. ताई म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, आपली काकू, म्हणजे त्यांचा काका बारका आणि ताई म्हातारी. पिंड म्हणजे गाव. "चल पिंड चलिए" म्हणत सगळे आनंदाने गाडीत बसतात तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. आणि माझा सगळ्यात लाडका, आहो. आहो म्हणजे हो. फोनवर पलीकडचा माणूस बोलत असतो आणि आपला दांडगा मिशीवाला हिरो नुसता "आहो... आहो... आहो जी" करत असतो, अगदी आमच्या आजीने आजोबांना हाक मारावी तसा. यावर हसायचं हे पंजाबी माणसाला कधीच कळणार नाही, हा फक्त आपल्या वाट्याचा जोक आहे, दिग्दर्शकाने न लिहिलेला.

जसविंदर भल्ला मला असे हळूहळू कळले. 'कॅरी ऑन जट्टा'मधला तो वकील बाप, अॅडव्होकेट ढिल्लों. हा माणूस खऱ्या आयुष्यात लुधियान्याच्या पंजाब अॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होता, शेतकऱ्यांपर्यंत नवीन माहिती पोचवायचा जो विभाग असतो त्याचा प्रमुख म्हणून 2020 ला रिटायर झाला. आणि नोकरीच्या जोडीला 1988 पासून 'छणकाटा' नावाच्या विनोदी कॅसेटी काढत होता, त्यात तो चाचा चतर सिंग आणि बाल मुकुंद शर्मा भतीजा, गावच्या गप्पांतून सगळ्या सरकारांची खेचायची. 2025 च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा माझा ऑफिसमधला मित्र दिवसभर गप्प होता, म्हणाला आमच्या ट्रॅक्टरवर, बसमध्ये, लग्नात ह्याच कॅसेटी. त्यांची खासियत म्हणजे वाक्याचा ताल आणि बरेचदा यमक. अर्थ कळायच्या आधी कानाला कळतं की आता वाक्य मिटणार आणि मिटलं की हसायचंय. ढिल्लोंचं एक पालुपद आहे, काळा कोट ऐवें नी पाया, म्हणजे हा काळा कोट मी उगाच नाही घातलेला. यातलं ऐवें म्हणजे आपलं उगाच. हिंदीत ह्या उगाचला धड शब्द नाही, यूँ ही म्हटलं की गझल वाटते. मराठीतून बघणाऱ्याला तो एकदम पोचतो.

पण ज्याच्यासाठी पंजाबी शिकावी अशी गोष्ट म्हणजे जुगत. आपल्याकडे जुगत म्हणजे युक्ती, तिकडे जुगत म्हणजे समोरच्याला तिथल्या तिथे मारलेला टोमणा, ज्याला उत्तर यायलाच पाहिजे. हे आलंय भांडांकडून. भांड म्हणजे लग्नाकार्यात जोडीने येणारे नकलाकार, एकाच्या हातात चामड्याचा पट्टा, त्याला चमोटा म्हणतात, दुसरा वाकडं उत्तर देतो की त्याला फटकन एक. लागत फारसं नाही, आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे लोकांना हसायची खूण. आपल्या तमाशातली बतावणी आठवा, सोंगाड्या आणि सरदार, तीच चाल. लाहोरच्या स्टेजवर ही कला अजून जोरात आहे आणि 'चल मेरा पुत्त' (2019) मध्ये मजा ही की इंग्लंडात एका घरात दाटीवाटीने राहणारे, कागदपत्रांच्या मागे लागलेले दोन्ही पंजाबांचे लोक दाखवलेत, म्हणून इकडचे अमरिंदर गिल आणि तिकडचे इफ्तिखार ठाकूर, नासिर चिन्योटी, अक्रम उदास एका फ्रेममध्ये आले. कथा पुढे जात असते आणि मध्येच ही तिकडची मंडळी एकमेकांना धरतात, तेवढा वेळ कथा गेली चुलीत.

पहिल्यांदा बघितला तेव्हा सबटायटलमध्ये एकामागून एक तू याच्यासारखा दिसतोस, तू त्याच्यासारखा दिसतोस एवढंच येत होतं आणि मला वाटलं हे काय शाळकरी. कशाला हसायचं ते मला ऑफिसमध्ये कळलं. थंडीचे दिवस, एसी जोरात, मी नवऱ्याचं भलंमोठं जॅकेट घालून गेले. लुधियानावाला म्हणाला, "मॅडम, जॅकेट तुम्ही घातलंय का जॅकेटने तुम्हाला घातलंय?" मी काही बोलायच्या आत त्याचा अमृतसरचा दोस्त, "घातलं कुठे, मॅडम आत भाड्याने राहतायत." पहिला लगेच, "डिपॉझिट किती दिलं?" दुसरा, "डिपॉझिट सोड, खिशाची खोली वेगळी भाड्याने द्यायचीय, सेपरेट एंट्रन्स आहे." इथे मी हरले.

बघा काय झालं ते. पहिल्याने फक्त साईजवर बोट ठेवलं. दुसऱ्याने जॅकेटचं घर केलं. तिसरं वाक्य नवीन जोक नाहीये, त्याने ते घर खरं मानलं आणि व्यवहार सुरू केला, चौथ्या वाक्याने त्याच घराला खोली काढली. जुगतबाजीत नवीन उपमा शोधणं हे सोपं काम, आधीच्याची उपमा न सोडता तिच्यात अजून एक मजला चढवणं हे अवघड, आणि हे सगळं एका श्वासात, गॅप पडली की मेलं. सबटायटल प्रत्येक वाक्य वेगळं देतं त्यामुळे ही माळ तुटते आणि नुसते मणी हातात येतात. हे कळल्यावर 'चल मेरा पुत्त' परत लावला आणि आता मी मोजायला लागले की एक उपमा किती वेळ टिकली. तीन-चार हातांतून गेली की नवऱ्याला हाक मारायची, ये ये लवकर.

सबटायटलचा दुसरा त्रास म्हणजे ते लवकर येतं. नट अजून मिशीला पीळ देतोय आणि खाली जोक लिहून मोकळे. आपण वाचून हसतो आणि तो बोलतो तेव्हा आपलं हसून झालेलं असतं. मी आता असं करते की पहिली पंधरा-वीस मिनिटं सबटायटल लावून बघायची, माणसं आणि नाती कळली की मागे जाऊन तीच पंधरा मिनिटं सबटायटल बंद करून, आणि मग पुढे तसंच. निम्मं सुटतं, सुटू दे. पंजाबीत एक फायदा असा की तेच तेच लोक सगळीकडे असतात, गुरप्रीत घुग्गी, बिन्नू ढिल्लों, बी. एन. शर्मा, करमजीत अनमोल, समीक्षक त्यावर वैतागतात पण शिकणाऱ्याला बरं, पाचव्या सिनेमात घुग्गीचा आवाज कानात बसलेला असतो आणि तो काय बोलणार ते शब्दाआधी कळतं.

सगळं गोड आहे असं नाही. गुजराती नाटकांत बायको म्हणजे खर्च आणि कटकट हे इतकं ठरलेलं असतं की तिसऱ्या नाटकाला मला कंटाळा आला, आणि तासभर हसवून शेवटी कुटुंबावर भाषण येतं, सगळे डोळे पुसतात, बा सुद्धा. पंजाबी सिनेमांत कोणाचा काळा रंग, कोणाचं पोट, कोणाचं बोबडं बोलणं यावर जुगत येते आणि मला आता भाषा कळायला लागल्यामुळे ती आधी कळायची नाही ती पण कळते. न कळताना हसले होते अशा दोन-तीन जागा परत बघताना मी गप्प बसले.

सासूबाई मात्र पुढे गेल्यात. त्यांना पंजाबी नको, आरडाओरडा फार म्हणतात, पण बांच्या मंडळात आता त्यांची स्वतःची सीट आहे, पैसे भरून. गेल्या महिन्यात नवरा पावसात छत्री विसरून, लॅपटॉपसकट भिजून घरी आला. मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "गांडो थई गयो छे के शुं?"

मग बाहेर येऊन त्याच्या हातात टॉवेल देत मला म्हणाल्या, "म्हणजे वेडा. तू सांगितलं होतंस ना."